तीन चेंडू आणि बाराशे चौकटी

३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात विश्वचषकाचा साखळी सामना झाला. क्रिकेटच्या इतिहासात तो दोन गोष्टींसाठी नोंदला गेला आहे. चेतन शर्माने केन रुदरफोर्ड, इयन स्मिथ आणि इवेन चॅटफील्ड यांना लागोपाठ तीन चेंडूंवर त्रिफळाचीत केले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. आणि सुनील गावसकरांनी अंगात ताप असताना ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्यांचे ते एकमेव शतक. न्यूझीलंडच्या ९ बाद २२१ ला भारताने ३२.१ षटकांत १ बाद २२४ असे उत्तर दिले. गटात पहिले येण्यासाठी ४२.२ षटकांच्या आत जिंकणे पुरेसे होते. भारताने त्याहून दहा षटके आधीच काम उरकले.

या सामन्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोजायची होती. त्या स्पर्धेचे नावच रिलायन्स कप होते. पहिले तीन विश्वचषक इंग्लंडमध्ये झाले आणि तिन्ही प्रुडेन्शियल या विमा कंपनीच्या नावाने ओळखले गेले. चौथा इंग्लंडबाहेर आला, भारत आणि पाकिस्तान यांनी मिळून भरवला, आणि त्याच्या नावात एका भारतीय उद्योगाचे नाव बसले. हे घडवून आणणाऱ्यांत नागपूरचे एन. के. पी. साळवे पुढे होते. १९८३ च्या अंतिम सामन्याला लॉर्ड्सवर जादा पास मिळाले नाहीत आणि तिथून स्पर्धा इकडे आणण्याची ईर्षा निर्माण झाली, ही हकीकत नागपुरात अजूनही चवीने सांगतात. साळव्यांनी पुढे या स्पर्धेवर पुस्तकही लिहिले. कंपनीने पैसे घातले, नाव मिळवले, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या पैशाच्या मोबदल्यात घरी टीव्हीपुढे बसलेल्या माणसाला ते नाव नेमके किती वेळ आणि केवढे दिसले? आज प्रत्येक मोठ्या सामन्यानंतर प्रायोजकाच्या टेबलावर असा अहवाल येतो. जुन्या सामन्यांचा असा अहवाल आज कुणी करायचा म्हटला, तर तो कसा करता येईल आणि कुठे अडेल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी शिकून संशोधक झालेलो नाही. सीताबर्डीत माझे टीव्ही आणि व्हीसीआर दुरुस्तीचे दुकान होते. त्या धंद्यामुळे घराघरांत ध्वनिमुद्रणासारखी जपून ठेवलेली चित्रमुद्रणे माझ्या हातून गेली, आणि यंत्र चित्राला काय काय करते हेही समजले. मोजणीच्या कामात मला क्रिकेटच्या ज्ञानापेक्षा हे दुसरे ज्ञान अधिक उपयोगी पडले.

मोजायच्या गोष्टी दोनच, वेळ आणि आकार. वेळ मोजणे सोपे वाटते. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात. टेप संगणकावर उतरवून घेतली की एकेक चित्र पुढे सरकवता येते. फलकावरचे नाव ज्या चित्रात पहिल्यांदा वाचता आले तो आकडा टिपायचा, शेवटचे वाचता आले तो टिपायचा, वजाबाकी करून २५ ने भागायचे. आकारासाठी मी सुरुवातीला जी युक्ती वापरली ती अजून मला समजावून सांगायला सर्वांत सोयीची वाटते. २१ इंची जुन्या टीव्हीचा दिसणारा पडदा साधारण ४० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. त्यावर एक सेंटिमीटर चौकटींचा पारदर्शक आलेख-कागद चिकटवला की बरोबर बाराशे चौकटी होतात. फलकाने बारा चौकटी व्यापल्या तर तो पडद्याच्या एक टक्का झाला. संगणकावर हेच काम चित्रबिंदू मोजून होते, हिशोब तोच.

आता त्या हॅटट्रिककडे येऊ. तिन्ही गडी त्रिफळाचीत झाले, ही बाब क्रिकेटच्या दृष्टीने देखणी आहे. फलकाच्या दृष्टीने ती निराशाजनक आहे. फलंदाज त्रिफळाचीत झाला की चेंडू खेळपट्टीच्या आसपासच राहतो. कॅमेरा सीमारेषेकडे वळत नाही. तो उखडलेल्या यष्ट्यांवर जातो, मग उड्या मारणाऱ्या गोलंदाजावर, मग मान खाली घालून परतणाऱ्या फलंदाजावर. फलक दिसलाच तर गोलंदाज धावत येताना, चित्राच्या वरच्या कडेला, एका पट्टीसारखा. आणि मुख्य कॅमेरा पुरेसा उंच बसवलेला असेल तर फलंदाजाच्या मागे नुसते गवतच दिसते, फलकाची रांग चौकटीच्या वरच राहते.

याच्या उलट गावसकरांचा एखादा चौकार घ्या. चेंडू बॅटवरून सुटला की कॅमेरा त्याच्या मागे फिरतो. फिरताना फलक नुसते रंगांचे ओघळ होऊन सरकतात, एकही अक्षर वाचता येत नाही. मग चेंडू दोरीपाशी पोचतो, कॅमेरा थांबतो, आणि एक फलक पडदाभर उभा राहतो.

एक उदाहरण सोडवून दाखवतो. यातले आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. ते कुठल्या एका टेपचे नाहीत. समजा, हॅटट्रिकच्या प्रत्येक चेंडूला गोलंदाजाच्या धावेत चार सेकंद वरच्या कडेचा फलक वाचता येतो. पडद्यावर तो १८ सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे १८ चौकटी, दीड टक्का. तीन चेंडूंचे मिळून बारा सेकंद. दुसरीकडे एका चौकाराच्या शेवटी फलक फक्त तीन सेकंद दिसतो, पण तो २० सेंटिमीटर लांब आणि सहा सेंटिमीटर उंच आहे. १२० चौकटी, दहा टक्के. नुसता वेळ पाहिला तर हॅटट्रिक चौकाराच्या चौपट भरते. आता वेळेला आकाराने गुणा. हॅटट्रिकचे बारा सेकंद गुणिले दीड टक्का म्हणजे पूर्ण पडद्याचे ०.१८ सेकंद. चौकाराचे तीन सेकंद गुणिले दहा टक्के म्हणजे ०.३० सेकंद. क्रम उलटला. ज्या तीन चेंडूंनी इतिहास घडला त्यांच्यापेक्षा एक विसरला गेलेला चौकार प्रायोजकाच्या अधिक कामाचा ठरला.

यात एक गोम आहे आणि या व्यवसायातला बराच गोंधळ तिच्यातून निघतो. जाहिरातीचा वेळ आपल्याकडे दहा सेकंदांच्या भावाने विकला जातो. फलक सामनाभरात सहाशे सेकंद दिसला असे समजा, सरासरी आकार तीन टक्के. आकार बाजूला ठेवला तर सहाशे सेकंदांची, म्हणजे साठ जाहिरातींची किंमत सांगता येते. आकाराने गुणले तर अठरा सेकंद उरतात, दोन जाहिरातीसुद्धा पुऱ्या होत नाहीत. एकच टेप, एकच मोजणी, आणि किमतीत तेहतीस पटींचा फरक. दोन्ही टोकांमध्ये कुठेतरी सवलत देऊन आकडा ठरवण्याच्या वेगवेगळ्या रीती आहेत, आणि कोणती रीत वापरली हे अहवालात लिहिलेले नसेल तर तो आकडा वाचण्यात अर्थ नाही. माझे मत विचाराल तर पैशाचा आकडा काढूच नये. सेकंद आणि टक्के शेजारीशेजारी द्यावेत, भाव ज्याचा त्याने लावावा.

जुन्या टेपवर आकार मोजताना आधी एक तपासणी करावी लागते, आणि ती क्रिकेटच्या नियमांनी फुकट दिली आहे. यष्ट्यांची उंची २८ इंच आणि तिन्हींची मिळून रुंदी ९ इंच, हे जगभर ठरलेले माप आहे. रुंदीला उंचीने भागले की ०.३२ येते. पडद्यावर यष्ट्या ३१ मिलिमीटर उंच दिसत असतील तर त्या १० मिलिमीटर रुंद दिसल्या पाहिजेत. त्या १३ मिलिमीटरच्या आसपास भरल्या तर समजावे की ४:३ मापाचे जुने चित्र कुणीतरी आजच्या १६:९ पडद्यासाठी आडवे ताणले आहे. खेळाडू ठेंगणे-गुटगुटीत दिसतात तेही यामुळेच. गंमत अशी की ताणल्याने टक्केवारी बिघडत नाही, कारण फलक आणि पडदा दोन्ही सारखेच ताणले जातात. बिघाड होतो तो दुसऱ्या दोन प्रकारांनी. जुने चित्र न ताणता रुंद पडद्याच्या मधोमध ठेवले तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. त्या पट्ट्या हिशोबात धरल्या तर तीन टक्क्यांचा फलक सव्वादोन टक्क्यांवर येतो. आणि पडदा भरावा म्हणून चित्राची वरची-खालची कड कापली असेल तर चौथा हिस्सा जातो. उरलेल्या चित्रात तोच फलक चार टक्के होतो, किंवा कडेला असला तर पार नाहीसा होतो. ताणलेले चित्र यष्ट्या उघडे पाडतात. कापलेले चित्र मात्र त्यांनी कळत नाही. तिथे धावफलकाच्या अक्षरांकडे पाहावे. ती कडेला टेकलेली किंवा अर्धी छाटलेली असतील तर कात्री फिरलेली आहे.

आणखी एक गोष्ट दुकानदार म्हणून सांगतो. काचेच्या नळीचे टीव्ही प्रक्षेपित चित्र पूर्ण दाखवतच नसत. चारही कडांचा थोडा भाग चौकटीआड जाई. प्रत्येक बाजूला पाच टक्के धरले तरी घरातल्या माणसाला चित्राचे ८१ टक्केच क्षेत्र दिसे. संगणकावर उतरवलेल्या टेपमध्ये मात्र सगळे दिसते, अगदी तळाशी व्हीएचएस यंत्राच्या हेड-बदलाने फाटलेल्या ओळीही. अगदी वरच्या कडेला दिसणारी फलकांची पट्टी आज मला वाचता येते, याचा अर्थ १९८७ च्या दिवाळीनंतरच्या त्या शनिवारी धंतोलीतल्या किंवा महालातल्या घरात ती दिसली असा होत नाही. म्हणून मी मोजताना बाहेरची पाच टक्के कड सोडून देतो. हॅटट्रिकसारख्या प्रसंगात, जिथे फलक कडेलाच असतो, एवढ्या एका निर्णयाने बेरीज शून्यावर येऊ शकते.

वेळेच्या मोजणीत खरा प्रश्न यंत्राचा नसून डोळ्याचा असतो. ‘दिसला’ म्हणजे काय? फलकापुढे क्षेत्ररक्षक उभा राहिला आणि नावाची पहिली तीन अक्षरेच दिसली, तर मोजायचे का? मला ते नाव आधीपासून माहीत आहे, त्यामुळे माझा मेंदू उरलेली अक्षरे भरून काढतो. रंग पाहूनही मी ओळखतो. व्हीएचएसच्या टेपवर आडवी बारकाई जेमतेम २४० रेषांची असते. लहान अक्षरे तिच्यावर विरघळतात, तरी ‘वाचता आले’ असे मला प्रामाणिकपणे वाटते. यावर उपाय एकच सापडला. ज्याला ती नावे माहीत नाहीत अशा माणसाला चित्र दाखवून ‘इथे काय लिहिले आहे?’ असे विचारायचे. आमच्या शेजारची शाळकरी मुले या कामी उत्तम. त्यांनी न सांगता वाचले तरच तो क्षण धरायचा. माझ्या आणि त्यांच्या नोंदींत तफावत पडते ती कायम एकाच दिशेने पडते: मला जास्त वेळ दिसते.

काही मोजणारे दर सेकंदाला एकच चित्र काढून तपासतात. श्रम पंचवीस पटींनी कमी होतात, आणि एकूण वेळेची बेरीज लांब टेपवर बहुधा ठीक येते, कारण काही झलका सुटतात तर काही पूर्ण सेकंदाच्या म्हणून धरल्या जातात. पण फलक किती वेळा दिसला हा आकडा या रीतीने मिळत नाही. अर्ध्या सेकंदाहून लहान झलकांतल्या निम्म्याहून अधिक सरळ निसटतात. वेळ आणि वेळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे मिश्रण कसे फसवते याचा जगप्रसिद्ध नमुना अमेरिकेतला आहे.

अमेरिकेत २ जानेवारी १९७१ पासून टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. जुलै १९८९ मध्ये तिथे मार्लबरो ग्रां प्री नावाची मोटार शर्यत टीव्हीवर दाखवली गेली. अ‍ॅलन ब्लम नावाच्या डॉक्टरांनी तिचे मुद्रण घेऊन त्यात मार्लबरो हे नाव किती दिसते ते मोजले आणि १९९१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापले. सुमारे ९४ मिनिटांच्या प्रक्षेपणात ते नाव ५,९३३ वेळा दिसले किंवा उच्चारले गेले; सुमारे ४६ मिनिटे ते पडद्यावर होते. वर्तमानपत्रांनी पहिला आकडा उचलला. पण जरा भागाकार करून पाहा. ४६ मिनिटे म्हणजे २,७६० सेकंद. दर सेकंदाला दोनाहून अधिक दर्शने! याचा अर्थ एवढाच की शर्यतीच्या कडेला तेच नाव ओळीने लावलेले होते आणि गाडीबरोबर फिरणाऱ्या कॅमेऱ्यापुढून फलकांमागून फलक जात होते. प्रत्येक फलक वेगळा मोजला तर हजारोंची संख्या येते. माझ्या मते ब्लम यांच्या कामातला टिकाऊ आकडा ५,९३३ नाही, ४६ मिनिटे हा आहे. जाहिरातीला बंदी असलेल्या पडद्यावर निम्मा वेळ सिगारेटचे नाव होते, हे त्याने सिद्ध होते आणि त्यात फलक कसे मोजले याचा वाद उरत नाही.

नागपूरकडे परत येतो. त्याच मैदानावर, त्याच दोन संघांत, २६ नोव्हेंबर १९९५ रोजी पुन्हा एकदिवसीय सामना झाला. न्यूझीलंडने ८ बाद ३४८ धावा केल्या, नेथन अ‍ॅसलने ११४ काढल्या, भारत २४९ वर आटोपला. त्या दिवशी प्रेक्षकगृहाची भिंत कोसळून माणसे मेली, आणि नागपुरात त्या सामन्याची आठवण निघते ती त्या भिंतीचीच. त्याचे मुद्रण शोधायला गेले की लोक आधी ते सांगतात, मग टेप असल्या-नसल्याचे. तसेच व्हायला हवे. पण माझ्या विषयापुरते सांगायचे तर ती मालिका विल्स या सिगारेटच्या नावाने प्रायोजित होती.

दूरदर्शनच्या जाहिरातसंहितेत सिगारेटच्या जाहिरातीला जागा नव्हती. दोन षटकांच्या मध्ये सिगारेटची जाहिरात दाखवता येत नसे. खेळाडूच्या छातीवरचे किंवा सीमारेषेवरचे नाव मात्र सामन्याचाच भाग मानले जाई. ते कोण कापणार? कापायचे ठरवले तरी कसे कापणार? म्हणून इथे फलकाचा सेकंद हा नुसता प्रायोजकाच्या नफ्याचा सेकंद राहत नाही. जी गोष्ट समोरच्या दाराने आणायला मनाई होती ती खिडकीतून किती आली, याचे ते माप ठरते.

गोव्यातल्या डॉ. एस. जी. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच १९९५ च्या भारत-न्यूझीलंड मालिकेनंतर शाळकरी मुलांची पाहणी केली आणि ती १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. सामने पाहिलेल्या मुलांत तंबाखू चाखून पाहण्याचे प्रमाण अधिक आढळले, आणि धोके माहीत असूनही काही मुलांच्या मनात धूम्रपान आणि चांगला खेळ यांची गाठ बसलेली दिसली. पाहणी मोलाची आहे. पण तिच्यात ‘सामना पाहिला’ हे एकच माप आहे. पाहताना त्या मुलाच्या डोळ्यांपुढे ते नाव किती सेकंद आणि केवढे आले, हे नाही. छातीवरचे नाव आणि सीमेवरचा फलक यांत या बाबतीत मोठा फरक असतो. सीमेवरचा फलक चेंडू तिकडे गेला तरच मोठा होतो. छातीवरचे नाव खेळाडूबरोबर फिरते, आणि कॅमेरा जेव्हा माणसाच्या चेहऱ्याकडे जातो तेव्हा ते आपोआप चित्राच्या मध्यावर, बऱ्यापैकी मोठे आणि स्थिर येते. गडी बाद झाल्यावर, शतक झाल्यावर, म्हणजे पाहणाऱ्याचे मन सर्वांत भरून आलेले असते त्याच वेळी. त्रिफळ्याच्या चेंडूत सीमेवरचा फलक हरतो, असे वर दाखवले. छातीवरचे नाव तिथेच जिंकते. उड्या मारणारा गोलंदाज पडद्यावर सहा सेकंद राहिला आणि त्याच्या छातीवरचे नाव सहा सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटर भरले, तर बारा चौकटी, एक टक्का. आकडा लहान आहे. पण तो चित्राच्या मध्यावर आहे, कडेला नाही. घरच्या टीव्हीच्या चौकटीने तो झाकला जात नाही, आणि आठवणींच्या कार्यक्रमांत तोच तुकडा वर्षानुवर्षे पुन्हा दाखवला जातो. सेकंद आणि टक्के यांच्या गुणाकारात या पुनरावृत्तीला जागा नाही. ती वेगळी नोंदावी लागते.

मग मी या दोन्ही सामन्यांचे एकूण आकडे का छापत नाही? कारण माझ्या हाती जे आहे ते सगळे तुकडे आहेत. घरी मुद्रण करणारा माणूस जाहिराती लागल्या की टेप थांबवतो, जेवणाच्या सुट्टीत विसरतो, शेवटचा भाग टेप संपल्याने जातो. त्याहून अधिक मिळतात ते निवडक क्षणांचे संकलन केलेले कार्यक्रम. १९८७ च्या नागपूर सामन्यात ५० आणि ३२.१ षटके मिळून ४९३ वैध चेंडू पडले, दहा गडी बाद झाले. निवडक क्षणांत ते गडी आणि चौकार-षटकार येतात. एक धाव, निर्धाव चेंडू, षटकांमधली हालचाल, सगळे गळून जाते. चौकारात फलक मोठा दिसतो हे आपण पाहिले. म्हणजे निवडक क्षणांवरून काढलेली टक्केवारी पूर्ण सामन्याला लावली तर ती हमखास फुगलेली निघेल. किती फुगलेली, ते पूर्ण मुद्रण असल्याशिवाय कळणार नाही, आणि पूर्ण मुद्रण असले तर हा अंदाज करायची गरजच नाही.

तुकड्यांवरून एक गोष्ट मात्र करता येते, आणि माझे काम सध्या तेवढेच आहे. पूर्ण सामन्याची बेरीज सोडून प्रसंगांचे प्रकार पाडायचे: त्रिफळा, झेल, चौकार, साधी एक धाव, गोलंदाजाची परत जाणारी चाल. प्रत्येक प्रकारच्या प्रसंगात नाव किती सेकंद वाचता येते आणि केवढे असते, याची सरासरी वेगवेगळ्या टेपमधून काढायची. धावफलक आणि षटकवार नोंदी उपलब्ध असतात, त्यामुळे कोणत्या प्रकारचे किती प्रसंग घडले हे कळते. गुणाकार करून बेरीज केली की पूर्ण सामन्याचा अंदाज उभा राहतो. यात एक अट आहे: कॅमेऱ्यांची मांडणी सारखी असली पाहिजे. ज्या काळात मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकाला असे, त्या मुद्रणांत एका षटकात गोलंदाजाची पाठ दिसते आणि पुढच्या षटकात फलंदाजाची. तेव्हा सम आणि विषम षटके वेगवेगळी धरावी लागतात, नाहीतर छातीवरच्या नावाचा हिशोब पार चुकतो. टेप सुरू करून लागोपाठ दोन षटके पाहिली की हे लगेच कळते.

आयटीसीने २००१ मध्ये क्रिकेटचे प्रायोजकत्व थांबवले आणि भारतीय खेळाडूंच्या छातीवर सहारा आले. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अशा जाहिराती आणि प्रायोजकत्वावर बंदी घातली. ती १ मे २००४ पासून लागू झाली. नागपूरचे आंतरराष्ट्रीय सामने २००८ पासून जामठ्याच्या नव्या मैदानावर गेले. तिथल्या प्रक्षेपणांची मोजणी संगणक करतात, प्रत्येक चित्रातले प्रत्येक नाव चौकटीत पकडून, आणि त्यांचे अहवाल प्रायोजकांकडे जातात. बाहेरच्या माणसाला ते पाहायला मिळत नाहीत. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावरच्या सामन्यांचे मात्र कुणी कधी असे काही केलेले नाही, आणि टेपवरचा चुंबकीय थर दरवर्षी थोडा थोडा झडतो आहे. १९९५ च्या सामन्याची, मधली सुट्टी धरून सलग असलेली टेप कुणाच्या माळ्यावर असेल, तर ती व्हीसीआरमध्ये घालून पाहण्याआधी एकदा उघडून बघावी. रिळाच्या कडेला पांढरी बुरशी असेल तर ती यंत्रात चालवू नये. हेडला चिकटते आणि टेप तिथेच फाटते.